सिरका-कॉस्टिक टायट्रेशनमध्ये फिनॉल्फ्थॅलीनच का?

प्रश्न: जळगावला बी.एस्सी.ला आहे. जर्नलमध्ये ‘मिथिल ऑरेंज का नाही’ आणि ‘अंत्यबिंदू म्हणजेच समतुल्य बिंदू का’ यावर काय लिहू?

उत्तर: ‘दुर्बल आम्ल, तीव्र आम्लारी, म्हणून फिनॉल्फ्थॅलीन’ एवढ्यावर परीक्षक थांबत नाहीत. आकडा द्या.

समजा, २५ मिली ०.१ मोलर ॲसेटिक आम्लात ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड टाकताय. २५ मिलीला सगळे आम्ल संपते, तो समतुल्य बिंदू. तेव्हा फ्लास्कमध्ये ०.०५ मोलर ॲसिटेट उरते. ते पाण्याकडून प्रोटॉन घेते, म्हणून पीएच ७ नाही, सुमारे ८.७ भरतो. फिनॉल्फ्थॅलीन ८.३ ते १० मध्ये रंगते, म्हणजे ८.७ त्यात बसतो. मिथिल ऑरेंज ४.४ ला पूर्ण पिवळे होते. इथे तो पीएच ७-८ मिलीलाच येतो, तोही हळूहळू. दोन-तृतीयांश आम्ल बाकी असतानाच तुम्ही ब्युरेट बंद कराल!

अंत्यबिंदू म्हणजे आपल्याला रंग दिसला ती जागा. दोन्ही एकच नाहीत, जवळजवळ असतात. समतुल्य बिंदूनंतर एकच थेंब, ०.०५ मिली, जास्त पडला तरी पीएच १० वर जातो, पण चूक फक्त ०.२ टक्के. म्हणून अर्धा मिनिट टिकणारा फिका गुलाबी रंग घ्या. गडद झाला तर रीडिंग टाकून द्या. नंतर तो उडाला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड कारण, पुन्हा थेंब टाकू नका.

आणि हो, फ्लास्क शेवटी बोअरच्या पाण्याने विसळू नका. त्यातले बायकार्बोनेट थोडे आम्ल खाते, रीडिंग कमी येते.