निळा पट्टा म्हणजे पावडर, पण कुठली पावडर?

प्रश्न: नाशिकला आमच्या सोसायटीच्या मीटर रूमबाहेर आग विझवायचे हे दोन लाल सिलिंडर आहेत, फोटो टाकलाय. कुठला कशाचा आहे, आणि मीटरला आग लागली तर कुठला उचलायचा?

उत्तर: मी सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो, हे सिलिंडर रोज हाताखालून जातात. मीटरसाठी उजवीकडचा उचला, तो सीओटू आहे.

कसा ओळखला ते सांगतो. त्याच्यावर काळा पट्टा आहे, नळीच्या टोकाला कर्ण्यासारखा रुंद काळा हॉर्न आहे आणि वर दाब दाखवणारं काट्याचं गेज नाही, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की मग शंका राहत नाही. गेज नाही म्हणजे कोणी काढून नेलं असं समजू नका, सीओटूला ते नसतंच. आत गॅस दाबाखाली द्रव होऊन असतो, त्यामुळे थोडा उडून गेला तरी दाब जवळपास तेवढाच राहतो आणि काटा असता तरी खोटंच बोलला असता. म्हणून तो वजन करूनच तपासतात, आतला गॅस १० टक्क्यांहून जास्त कमी झाला की रिफिल. हे फोटोवरून कोणालाच सांगता येणार नाही, शेवटचं वजन कधी केलं ते सेक्रेटरींना विचारा.

डावीकडचा जरा अवघड आहे. निळा पट्टा, वर गेज, आखूड नळी आणि टोकाला बारीक नोझल, म्हणजे पावडर हे नक्की. पण निळा पट्टा एबीसी पावडरलाही असतो आणि बीसी पावडरलाही, आणि लांबून दोन्ही सिलिंडर सख्खे भाऊ दिसतात. फरक फक्त लेबलवर कळतो आणि तुमच्या फोटोत नेमका तिथेच रिफिलवाल्याने स्टिकर चिकटवलाय. झूम केल्यावर बी आणि सी ची चित्रं दिसतात, ए ची जागा स्टिकरखाली गेलीय. ते थोडं सोलून बघा, मोनो अमोनियम फॉस्फेट किंवा एमएपी लिहिलं असेल तर एबीसी, सोडियम बायकार्बोनेट असेल तर बीसी.

हा फरक आम्ही स्वतः भोगलाय. पॅकिंग सेक्शनमध्ये लाकडी पॅलेटच्या ढिगाला आग लागली, पोराने निळ्या पट्ट्याचा सिलिंडर मारला, ज्वाळा लगेच बसल्या, सगळ्यांनी हुश्श केलं आणि थोड्या वेळाने त्याच ढिगातून परत जाळ. वरून पांढरं दिसत होतं पण फळीच्या फटीत निखारे लालच होते, शेवटी पाणी ओतून विझवलं. मग लेबल वाचलं तर बीसी. एबीसीची पावडर तापल्यावर वितळून निखाऱ्यावर थर धरते आणि त्याला हवा मिळू देत नाही, सोडाबायकार्बवाली तसं करत नाही, ती ज्वाळा मारते पण लाकूड-कागद-कपड्याचा निखारा तिच्या हातात येत नाही. म्हणून लाकूड, कागद, कपडा असेल तिथे ए अक्षर हवंच.

आता सी अक्षराचं. बरेच जण सी म्हणजे करंट समजतात, ते अमेरिकन व्हिडिओंमुळे, तिथे सी म्हणजे विजेची आग. आपल्याकडे ए म्हणजे लाकूड-कागद, बी म्हणजे पेट्रोल-डिझेल-ऑइल, सी म्हणजे गॅस, आणि विजेला वेगळं अक्षरच नाही. त्यामुळे सी दिसलं म्हणून मीटरवर मारू नका, लेबलवर विजेच्या उपकरणांबद्दल वेगळी ओळ असते, किती व्होल्टपर्यंत आणि किती अंतरावरून ते त्यात लिहिलेलं असतं, ती वाचा. पावडर सहसा चालते, पण एबीसीची पावडर मीटर आणि वायरिंगच्या सांध्यात बसली आणि ओल लागली की धातू खाते, म्हणून सीओटू जवळ असेल तर आधी तोच. क्रीम पट्टा म्हणजे फोम, त्याच्या नोझलला हवा ओढायला भोकं असतात, आणि पाण्याच्या सिलिंडरला सरळ बारीक धार सोडणारं नोझल असतं, हे दोन्ही मीटर रूमपासून लांब ठेवा.

सीओटू मारताना हॉर्न हँडलने धरा, नुसता हॉर्न पकडलात तर गारव्याने हात भाजल्यासारखा होतो. खोली छोटी असेल तर दारातूनच मारा, आत शिरलात तर हवा कमी पडून चक्कर येईल. मेन स्विचपर्यंत धोका न घेता पोचता येत असेल तर तो आधी पाडा, कारण सीओटू उडून गेला आणि करंट चालूच असला की तीच आग पुन्हा पेटते. धूर दाटला असेल तर सगळं सोडून बाहेर या आणि १०१ ला फोन लावा.

डावीकडच्या सिलिंडरचा स्टिकर सोलल्यावर फोटो परत टाका, आणि गेजचा काटा हिरव्यात आहे का तेही दिसू द्या, म्हणजे तोही नक्की सांगतो.