टक्केवारी नको, माणसं मोज

अरे, शहापूरच्या पाड्यांवरचा हुकवर्मचा डेटा आहे ना तुझा, मग अनवाणी गटात 35 टक्के आणि चप्पलवाल्यांत 20 टक्के पॉझिटिव्ह असं टेबलात टाकू नकोस, काय-स्क्वेअरला टक्के चालत नाहीत, माणसांचे आकडेच लागतात. समज असं आलं (आकडे मी मनानेच घेतलेत):

| गट | पॉझिटिव्ह | निगेटिव्ह | एकूण |
|---|---|---|---|
| अनवाणी | 28 | 52 | 80 |
| चप्पलवाले | 14 | 56 | 70 |
| एकूण | 42 | 108 | 150 |

फरकच नसता तर अनवाणी गटात किती पॉझिटिव्ह अपेक्षित? 80 × 42 ÷ 150, म्हणजे 22.4. बाकीचे तीन वजाबाकीने निघतात: 57.6, 19.6, 50.4. टेबलाच्या प्रत्येक चौकटीत खरा आणि अपेक्षित यांतला फरक 5.6 चाच येतो, त्याचा वर्ग 31.36, तो त्या त्या अपेक्षित आकड्याने भागायचा आणि चारही उत्तरांची बेरीज करायची, 1.40 + 0.54 + 1.60 + 0.62, साधारण 4.17. 2×2 टेबलाला पी 0.05 ची सीमा 3.84, आपलं उत्तर त्याच्या वर, म्हणजे फरक सिग्निफिकंट.

आता गंमत बघ, हेच आर मधे टाकलंस तर 3.46 येतं आणि पी 0.05 च्या वर जातो! कारण तिथे 2×2 टेबलाला येट्स करेक्शन आपोआप लागतं. हाताचं उत्तर हवं तर:

```r
chisq.test(matrix(c(28,14,52,56),2), correct=FALSE)
```

कुठलं वापरायचं ते आधीच ठरव, उत्तर बघून नाही. एखादा अपेक्षित आकडा 5 च्या खाली गेला तर सरळ फिशरची एक्झॅक्ट टेस्ट.

आणि हो, एकाच घरातली पाच माणसं घेतली असशील तर ती स्वतंत्र नाहीत, एकच अंगण, एकच माती, मग 4.17 वर फार भरवसा ठेवू नको.