स्थानबदल आणि अक्षरबदल

प्रश्न : रेल फेन्स सायफर या गुप्तलेखनाच्या पद्धतीला मराठीत 'अक्षरांची अदलाबदल' म्हटलं तर चालेल का? आणि त्यात अक्षरांची वारंवारता बदलत नाही म्हणतात, ते कसं? एका अक्षराऐवजी ठरलेलं दुसरं लिहिलं, तरी मोजणी तीच राहणार ना?

'अदलाबदल' मी टाळेन, कारण तो शब्द दोन्ही पद्धतींना लागू पडतो. रेल फेन्समध्ये अक्षरांच्या फक्त जागा बदलतात, म्हणून तिला 'स्थानबदल' म्हणा; एका अक्षराऐवजी दुसरं लिहायच्या पद्धतीला 'अक्षरबदल'.

आता केळीच्या पट्ट्यातला एक निरोप घेऊ : रावेरचा माल सावद्याला उतरवा. याची अक्षरं 14. जोडाक्षर आणि मात्रा एकत्र धरायच्या, म्हणजे 'द्या' हे एकच अक्षर. पहिलं वर, दुसरं खाली, तिसरं वर, असं दोन ओळींत लिहायचं :

रा र मा सा द्या उ र
वे चा ल व ला त वा

आधी वरची ओळ, मग खालची सलग उतरवली, की झाला गुप्त निरोप : रारमासाद्याउरवेचालवलातवा.

मात्रा सोडून व्यंजनं मोजा. मूळ निरोपात र तीनदा, व तीनदा, ल दोनदा. गुप्त निरोपातही तेवढेच, कारण नवं काही आलं नाही, जुनं काही गेलं नाही, फक्त जागा बदलल्या.

आता तोच निरोप अक्षरबदलाने लिहू. प्रत्येक व्यंजनाऐवजी वर्णमालेतलं पुढचं घ्यायचं, स्वर तसेच ठेवायचे : लाशेलछायावहाशध्रावाउथलशा. इथे ल तीनदा, श तीनदा, व दोनदा. तुमची शंका इथे निम्मी खरी ठरते : तीन, तीन, दोन हे आकडे टिकले, पण ते दुसऱ्याच अक्षरांच्या नावावर गेले. शिवाय हे एकास-एक बदलातच होतं. कोणत्या अक्षराऐवजी कोणतं हा तक्ता अक्षरागणिक बदलत गेला, तर आकडेही टिकत नाहीत.

म्हणून हाती आलेला मजकूर वाचता येत नसेल, तरी त्यात र, त, क, न भरपूर आणि झ, ढ तुरळक, असं नेहमीच्या मराठीसारखं प्रमाण दिसलं, तर स्थानबदलाचा संशय घ्यावा. ख, थ, छ यांचीच गर्दी असेल, तर अक्षरबदलाचा. मात्र त्यासाठी मजकूर पानभर तरी हवा; 14 अक्षरांवरून काही ठरवू नये.

एक फसगत देवनागरीतच होते. संगणकाला अक्षराऐवजी सुटी चिन्हं हलवायला लावली, तर मात्रा व्यंजनापासून तुटतात आणि भलत्याच जागी ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेल्या दिसतात. मोजणी तेव्हाही तीच राहते, पण स्थानबदल झालाय हे नुसत्या नजरेने कळतं.

स्थानबदल ओळखता आला, तरी मोजणीने तो सुटत नाही. तिथे शेजार पाहावा लागतो : कोणतं अक्षर कोणाशेजारी ठेवलं की 'वेर', 'माल' असे तुकडे जुळतात. रेल फेन्समध्ये तर तेवढंही नको. 14 अक्षरांना 2 ते 13 इतक्याच ओळी वापरता येतात, त्याहून जास्त घेतल्या तर निरोप जसाच्या तसा राहतो. म्हणजे फार तर 12 वेळा मांडून पाहायचं.