आधी पाहावं, मग राम राम घालावा

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात बचत गटांचं काम करते. हप्ते, सह्या, मीटिंगचे निरोप यासाठी रोज घरोघरी जाते. कोणाच्या घरात पाय ठेवला की आधी राम राम घालायचा, असं आजीनं शिकवलंय. पण मागच्या आठवड्यात एका घरचे चाचा नमाज पढत होते. मी दोनदा ‘नमस्कार चाचा’ म्हटलं, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मला फार लागलं. हप्ता न घेताच परतले, तेव्हापासून तिकडं गेले नाही. दुसऱ्या घरी आजोबा जेवत होते, मी पाया पडले तर काकू रागावल्या. सरपंच तर सदा फोनवर. बरं, गप्प बसलं तर लोक म्हणतील, ‘पोरगी शिष्ट झाली.’ काय करू?

पोरी, चाचांच्या घरी उद्याच जा. त्यांनी तुझा अपमान केला नाही. एकदा नमाज सुरू झाली की मध्ये कोणाशी बोलता येत नाही. तुझ्या नमस्काराला एका शब्दाचं उत्तर दिलं असतं, तरी त्यांची नमाज मोडली असती. कोणी सलाम केला तर उत्तर देणं त्यांच्याकडे बंधनकारक मानतात. म्हणूनच नमाज पढणाऱ्याला सलाम करू नये, असं त्यांच्यातली मोठी माणसंच लेकरांना सांगतात.

आता पुढच्या वेळेला काय करायचं ते सांगते. चाचा जानमाजवर उभे, वाकलेले किंवा बसलेले दिसले, तर त्यांच्या समोरून जाऊ नको. मागच्या बाजूनं आत जा, चाचींना हलक्या आवाजात सांग आणि छपरीत बस. नमाज संपताना माणूस आधी उजवीकडे, मग डावीकडे मान वळवतो आणि सलामाचे शब्द म्हणतो. पण मान वळवली की लगेच बोलायचं नाही, कारण पुष्कळदा ते पुन्हा उठून पुढच्या रकाती पढतात किंवा हात उचलून दुवा मागतात. त्यांनी जानमाज गुंडाळली, की खुशाल ‘नमस्कार चाचा’ म्हण. आपल्याकडे गुरुदेव सेवा मंडळाच्या संध्याकाळच्या प्रार्थनेतही हेच. उशिरा आलेला मागं सतरंजीवर बसतो, ‘जय गुरुदेव’ शेवटी होतो. मात्र घराला आग लागली, साप निघाला, लेकरू पडलं, तर हाक मारायला थांबू नको. अशा वेळी नमाज तोडायची मुभा त्यांच्याकडेही आहे.

काकूंचं रागावणं मला पटतं. जेवणाऱ्याच्या आणि झोपलेल्याच्या पाया पडू नये, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. आजोबांच्या तोंडात घास, उजवा हात खरकटा. ते आशीर्वादाला हात उचलतील कसे? शिवाय जेवणाऱ्याला राम राम घातला की त्याला ‘या जी जेवाले’ म्हणावंच लागतं. मग घरातली बाई भाकरी पुरतील का ते पाहते, तू ‘जेवून आले’ म्हणतेस, ती पुन्हा आग्रह करते, आणि तेवढ्यात आजोबांचं वरण थंड होतं. म्हणून ताट दिसलं की दारातूनच काकूंना ‘जेवण होऊ द्या, मी शेजारी जाऊन येते’ म्हणायचं आणि खरंच शेजारी जायचं. तिथंच उभी राहिलीस तर ते घाईघाईनं गिळतील. आजोबा हात धुऊन सुपारी कातरायला बसले की मग पाया पड. अर्थात त्यांनी स्वतःच हाक मारून बोलावलं, तर बिनधास्त बोल.

सरपंचांच्या बाबतीत त्यांचे डोळे पाहायचे. तू आलीस हे त्यांना दिसेल, पण बोलणं ऐकू येणार नाही, इतक्या अंतरावर उभी राहा. त्यांनी पाहिलं की नुसती मान लववायची. तेवढ्यात तुझा राम राम पोहोचला. त्यांची नजर तुझ्यावर टिकली किंवा त्यांनी बसायची खूण केली तर थांब, परत जमिनीकडे वळली तर बोलणं लांबणार म्हणून समज. आजकाल काही जण फोन खिशात ठेवून कानातल्या यंत्रावर बोलतात, तेव्हा ओठ हलतात का ते आधी पाहा. पलीकडे दवाखान्यातला माणूस असेल, नाहीतर कापसाचा भाव ठरत असेल, त्यात आपला ‘नमस्कार साहेब’ घुसायला नको.

शिष्ट म्हणतील ही भीतीही खोटी नाही. आपल्या गावात न बोलता गेलेली बाई लोकांच्या ध्यानात राहते. म्हणून गप्प बसलीस तरी निघून जाऊ नको, आणि घाईनं जावंच लागलं तर घरात निरोप ठेव, ‘चाचांना माझा नमस्कार सांगा.’ मग भेटल्यावर राहिलेला नमस्कार आधी करायचा, कामाचं नंतर काढायचं. ‘मघाशी तुम्ही बोलले नाही’ असं तर अजिबात म्हणायचं नाही.

उद्या चाचींकडे जाशील तेव्हा हप्त्याची वही काढायच्या आधी म्हण, ‘चाची, त्या दिवशी चाचा नमाजमध्ये होते, मला समजलं नाही.’ एवढं पुरे, जास्त माफी मागत बसलीस तर त्या संकोचतील. आणि नमाजच्या वेळा त्यांनाच विचारून ठेव. दुपारची आणि तिसऱ्या प्रहराची सांभाळली तर तुझा फेरा वाया जायचा नाही.