जुना एसी घेताना पैसे देण्याआधी काय तपासावं?

प्रश्न: पुण्यात दीड टनाचा चार वर्षं वापरलेला स्प्लिट एसी बघितलाय. मालक म्हणतो, "नुकताच गॅस भरलाय, कूलिंग एकदम मस्त." पैसे देण्याआधी काय काय बघू?

उत्तर:

मी एसी बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो. "नुकताच गॅस भरलाय" हे ऐकून बहुतेकांना बरं वाटतं, पण माझी शंका तिथेच सुरू होते. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळीत फिरत राहतो. भरावा लागला याचा अर्थ कुठून तरी गेला होता. म्हणून मालकाला पहिलं हेच विचारा, की लीक कुठे सापडला आणि तो काढला का. उत्तर नसेल तर तो गॅस पुन्हा जाणार.

एसी भिंतीवर लागलेला असतानाच बघा. काढून ठेवलेल्या एसीबद्दल खात्रीने काहीच सांगता येत नाही. जाण्याआधी तो बंद ठेवायला सांगा, म्हणजे कॉम्प्रेसर थंड अवस्थेतून सुरू होताना दिसेल. बाहेरचं युनिट घुंऽऽ करून काही सेकंदांत बंद पडत असेल तर कॉम्प्रेसर सुरू करून देणारा कपॅसिटर गेलेला असू शकतो किंवा कॉम्प्रेसर जाम होत असेल. कपॅसिटर स्वस्तात बदलतो, पण त्याचं निदान होईपर्यंत पैसे देऊ नका.

शक्यतो ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. अँपिअर मोजायला क्लॅम्प मीटर, गॅसचं प्रेशर बघायला गेज आणि साधा थर्मामीटर एवढं त्याच्याकडे हवं. नेमकं काय बघायचं ते एका उदाहरणाने सांगतो. एका ग्राहकासाठी मी असाच दीड टनाचा, आर-३२ गॅसचा, साधा (इन्व्हर्टर नसलेला) एसी बघायला गेलो होतो. वीस मिनिटं चालवल्यावर आत ओढली जाणारी हवा २९ अंश आणि बाहेर पडणारी २२, म्हणजे फरक फक्त सातचा. चांगल्या एसीत तो दहा-बाराच्या आसपास हवा. एसीवरच्या माहितीच्या प्लेटवर साडेसात अँपिअर लिहिलेलं, मीटरवर पाच. बाहेरच्या युनिटला बारीक पाइप जोडतो तिथे पांढरं हिव जमलेलं. हे सगळं गॅस कमी असल्याचं लक्षण. तिथल्या नटाभोवती तेलकट, धूळ चिकटलेला डाग होता. साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे आले. नळीतून गॅसबरोबर थोडं तेलही येतं, म्हणून असा डाग दिसला की तिथे लीक आहे असंच समजा.

हा लीक नटावर होता, म्हणून सौदा मोडला नाही. फ्लेअर, म्हणजे नटात बसणारं पाइपचं फुलवलेलं टोक, नवीन करून गॅस वजन करून भरायचा खर्च किमतीतून कमी करून घेतला. पण तोच तेलकटपणा आतल्या कॉइलखाली असता तर मी सरळ नाही म्हटलं असतं, कारण कॉइल बदलणं फार महाग पडतं. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ वापरलेला एसी असेल तर बाहेरची कॉइल नीट बघा. खाऱ्या हवेने तिच्या पट्ट्या भुगा होऊन गळतात.

अँपिअर कमी म्हणजे प्रत्येक वेळी गॅसच कमी, असं मात्र नाही. कॉम्प्रेसर आतून झिजला तरी अँपिअर कमी दिसतो. फरक गेजवर कळतो. गॅस कमी असेल तर एसी चालू असताना जाड पाइपचं प्रेशर खाली येतं, कॉम्प्रेसर थकला असेल तर ते उलट जास्त राहतं. आर-३२ ला साधारण ११० ते १४० पीएसआय दिसायला हवं. बंद एसीचं प्रेशर दाखवून कोणी "गॅस फुल आहे" म्हटलं तर विश्वास ठेवू नका. त्या आकड्यावरून आत गॅस किती आहे ते कळत नाही. तुमचा एसी इन्व्हर्टर असेल तर खोली थंड होताच त्याचा अँपिअर आपोआप उतरतो, म्हणून १६ अंशांवर, दार उघडं ठेवून मोजा.

वॉरंटीसाठी मूळ बिल मागा आणि दोन्ही युनिटचे सीरियल नंबर बिलाशी जुळवा. मग कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून विचारा, कॉम्प्रेसरची वॉरंटी किती उरली आणि मालक बदलल्यावर चालते का. बहुतेक वेळा तीत फक्त कॉम्प्रेसर येतो, गॅस आणि मजुरी तुमचीच. दुकानातून रिफर्बिश्ड घेत असाल तर "सहा महिने वॉरंटी" हे तोंडी नको. गॅस, कॉइल आणि पीसीबी म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड तीत आहे का, ते बिलावर लिहून घ्या.

सौदा ठरल्यावर एसी तुमच्यासमोर काढू द्या. चालू एसीत आधी बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यायचा, मग जाड पाइपचा बंद करून लगेच एसी बंद करायचा, यालाच पंप डाउन म्हणतात. नट सैल करून फुस्स करून गॅस सोडून देणारा माणूस असेल तर तिथेच थांबवा. तुमच्या घरी बसवताना फ्लेअर नवीन हवेत, जुने पाइप कुठे दुमडले असतील तर बदला आणि व्हॅक्यूम पंप लावून पाइपांतली हवा काढल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडू देऊ नका. शक्य असेल तर थोडी रक्कम राखून ठेवा आणि तुमच्या खोलीत कूलिंग मोजून झाल्यावरच द्या.