बाबांचं निदान, तुझी म्युनिकची नोकरी आणि पुढचे चार महिने

"दादा, बायोप्सीचा रिपोर्ट वाचला, पण काही कळलं नाही. १ सप्टेंबरला जॉईन व्हायचंय. जाऊ की ऑफर सोडून देऊ? आणि नंतर बाबांना तिकडेच आणता येईल का? ताईवर सगळं टाकून निघायला मन होत नाही."

ऑफर सोडू नकोस, पण १ सप्टेंबरला जाऊही नकोस. ताई, तूही हे वाच, कारण यातलं निम्मं तुझ्यासाठी आहे.

बाबांना डाव्या गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर आहे. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तंबाखू-चुन्यावाल्यांमध्ये जो नेहमी दिसतो तोच. गाठ साडेतीन सेंटीमीटरची आहे आणि मानेतली एक ग्रंथी धरली आहे, म्हणून तिसरी स्टेज. छातीच्या स्कॅनमध्ये काही नाही. डॉक्टर बरं करायच्या हिशेबाने उपचार करणार आहेत, नुसतं दुखणं कमी करायला नाही. ऑपरेशन १५ जुलैला परळला आहे. गालाचा भाग, जबड्याची कड आणि मानेतल्या ग्रंथी काढतील आणि डाव्या मनगटाजवळची कातडी घेऊन गाल भरतील. तोवर त्या हाताला कुणालाही सुई टोचू देऊ नका. रक्त घ्यायचं झालं तर उजव्या हातातून.

आता तारखा बघ. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवं, म्हणजे ऑगस्टअखेर. सोमवार ते शुक्रवार, एकूण ३० बैठका, म्हणजे ऑक्टोबरचा पहिला आठवडा उजाडणार. ते संपल्यावरही तोंड दोन-तीन आठवडे सोललेलं असतं. तुझं जॉईनिंग नेमकं याच्या मधोमध येतं. जर्मनीत प्रोबेशन बहुतेक सहा महिन्यांचं असतं, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं आणि रजा महिन्यागणिक थोडी थोडीच जमा होते. सप्टेंबरात गेलास तर ऑक्टोबरात परत येणं अवघड. म्हणून एचआरला आजच लिही: वडिलांचं कॅन्सरचं ऑपरेशन आहे, १५ नोव्हेंबरला जॉईन होतो, करारात नवी तारीख घालून द्या. इथे जर्मनीत असं विचारणं कुणाला वावगं वाटत नाही. व्हिसा हातात आला असेल तर त्यावरची शेवटची तारीख बघ, त्याआधी जर्मनीत पोहोचावं लागतं. आला नसेल तर नवा करार अर्जाला जोड.

बाबांना इकडे आणायचं डोक्यातून काढ. ब्लू कार्डवाल्यांना आता आईवडिलांना बोलावता येतं, पण त्यांचा आरोग्य विमा दाखवावा लागतो आणि चालू कॅन्सरवर तो मिळवणं जवळजवळ अशक्य आहे.

कामांची वाटणी मला अशी सुचते. ऑपरेशन आणि नंतरचे दहा-बारा दिवस ताई, तुझ्याकडे. डोंबिवलीहून परळ जमतं, आणि डॉक्टरांशी तूच नीट बोलतेस. छोट्या, तू रात्री वॉर्डात थांब आणि नंतर त्यांना कऱ्हाडला घेऊन जा. नाकातली नळी काही आठवडे राहील. दर अडीच तासांनी साधारण २०० मिली, डाळीचं पाणी, दूध, नाचणीची पेज, सगळं बारीक गाळून. देताना बसवायचं, नंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. नळीवर नाकाजवळची खूण रोज बघायची. ती सरकली असेल किंवा बाबा खोकू लागले तर लगेच थांबायचं आणि हॉस्पिटलला फोन. नळी घरी आत ढकलायची नाही. पहिल्या दिवशी नर्ससमोर स्वतः करून बघ.

मी ऑपरेशनला येणार नाही, याचं कुणी वाईट वाटून घेऊ नका. तेव्हा सगळे नातेवाईक येतात. कस लागतो तो रेडिएशनच्या शेवटच्या दोन आठवड्यांत, तेव्हा कुणी फिरकत नाही. मी २० सप्टेंबर ते ऑक्टोबरअखेर येतो. रेडिएशन परळलाच हवं असं नाही, कऱ्हाडातही होतं. परळच्या डॉक्टरांकडून तशी चिठ्ठी घ्या. म्हणजे बाबा घरच्या खाटेवर आणि आई हाताशी.

रेडिएशनच्या त्या सहा आठवड्यांत दर सोमवारी वजन करायचं. वजन उतरलं की चेहऱ्यावर घातलेला मास्क सैल होतो आणि किरण नेमक्या जागी पडत नाहीत, म्हणून ते काम कधी चुकवू नका. तोंड उघडायचे व्यायामही आहेत: आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि डॉक्टर सांगतील तशी एकेक वाढवायची. बाबा चिडतील. चिडू दे.

पैशांचं मी बघतो. महिन्याच्या १ तारखेला ताईच्या खात्यात. पण आधी ताई, बाबांचं रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला भेट, ऑपरेशनच्या आधीच मंजुरी मागता येईल.

नोव्हेंबरपासून दर महिना-दोन महिन्यांनी तपासणी असेल. त्या फेऱ्या ताईच्या आणि माझ्या. छोट्या, तुझं प्रोबेशन संपेपर्यंत तू मोकळा. एक मात्र उरलंच: आईला स्टेज कोण सांगणार? माझं मत ताईने सांगावं, रविवारी, समोर बसून. जमेल का ते कळव.