बॅरेट्स अन्ननलिका: पुढची एंडोस्कोपी कधी?

प्रश्न: वडिलांना बारा वर्षांपासून ॲसिडिटी आहे. एंडोस्कोपीत बॅरेट्स निघाले; रिपोर्टवर ‘सी१ एम४, डिस्प्लेशिया नाही’ असे आहे. डॉक्टरांनी तीन वर्षांनी बोलावले. इतका उशीर चालेल का?

उत्तर: हो, ही मुदत योग्य आहे. वर येणाऱ्या आम्लामुळे अन्ननलिकेच्या फिकट, मोतिया अस्तराच्या जागी आतड्यासारख्या पेशींचे लालसर अस्तर आले आहे. ‘सी१ एम४’ म्हणजे ते जठराच्या तोंडापासून एक सेंटीमीटरपर्यंत पूर्ण गोलाकार आहे आणि त्याची सर्वांत लांब जिभेसारखी पट्टी चार सेंटीमीटर वर गेली आहे. डिस्प्लेशिया, म्हणजे पेशींची कर्करोगपूर्व विकृती, नसेल तर अमेरिकी तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार तीन सेंटीमीटरपेक्षा कमी लांबीला पाच वर्षे आणि तीन किंवा अधिक लांबीला तीन वर्षे मुदत असते, कारण अस्तर जितके लांब तितका धोका अधिक.

मात्र ही मुदत बायोप्सीइतकीच विश्वासार्ह असते. दर दोन सेंटीमीटरवर चारही बाजूंचे तुकडे घेतले होते का, हे अवश्य विचारा. पुढे सौम्य डिस्प्लेशिया आढळल्यास दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडून खात्री करून घ्यावी, कारण आम्लामुळे सुजलेल्या पेशीही तशाच दिसू शकतात. खात्री झाल्यावर एंडोस्कोपीतून ते अस्तर जाळणे किंवा सहा व बारा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी तपासणे, असे दोन पर्याय असतात. गिळताना अन्न अडकू लागले किंवा वजन घटू लागले, तर तारखेची वाट पाहू नका.